कॅरॅक्टरचा मीटर नेमकं काय मोजतो, आणि उरलेला कोटा जातो कुठे

प्रश्न: नागपूरला धंतोलीत आमचं छोटं ऑफिस आहे. संत्रा बागायतदारांसाठी इंग्रजी सल्ले मराठीत आणतो आणि त्यांचे ऑडिओ बनवतो. आवाजासाठी महिन्याला १ लाख कॅरॅक्टरचा पॅक घेतला आहे. या वेळी १२ भागांची, ९,००० शब्दांची स्क्रिप्ट होती. आमच्या अंदाजाने तीसेक हजार अक्षरं. प्रत्येक वाक्यानंतर अर्ध्या सेकंदाचा ब्रेक टॅग टाकला होता, आणि चार भाग दुरुस्त करून पुन्हा बनवावे लागले. तरी १० भागांतच पॅक संपला. मागच्या महिन्याचे ६० हजार उरले होते, तेही दिसत नाहीत. हे मोजतात तरी कसं? आणि उरलेलं पुढे मिळत नाही का?

उत्तर:

भाऊ, मीटर खोटा नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच हिशेब जुळतो, तो खाली मांडतो. आणि ते ६० हजार बहुधा कायमचे गेलेत.

आधी मोजणी. डोळ्यांना जे एक अक्षर दिसतं, ते मशीनला एक नसतं. युनिकोडमध्ये व्यंजन वेगळं, काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षराच्या पोटात दडलेला हलंतही वेगळा. भाषांतराची आणि आवाजाची बहुतेक साधनं यातलं प्रत्येक चिन्ह एक कॅरॅक्टर धरतात. शिवाय स्पेस, पूर्णविराम आणि नवी ओळ यांचाही प्रत्येकी एक.

तुमच्याच कामातलं एक वाक्य घेऊ: «संत्र्याच्या बागेला पाणी द्या.» «संत्र्याच्या» हा शब्द बोटावर मोजला तर तीन अक्षरं. मशीनकडे तो स, अनुस्वार, त, हलंत, र, हलंत, य, काना, च, हलंत, य, काना असा जातो. झाले १२. «बागेला» ६, «पाणी» ४, «द्या» पुन्हा ४. तीन स्पेस आणि एक पूर्णविराम धरून अख्खं वाक्य ३० कॅरॅक्टरचं. बोटावर मोजलेली अक्षरं मात्र नऊच. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यात «च्या», «ऱ्या», «त्र्या» अशी जोडाक्षरं पावलोपावली येतात. त्यामुळे डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी पडतो, आणि थोडाथोडका नाही, निम्म्यानेही पडतो.

म्हणून अंदाज करूच नका. गूगल शीटमध्ये मजकूर A1 मध्ये चिकटवा आणि शेजारच्या खान्यात `=LEN(A1)` लिहा. देवनागरीसाठी हा आकडा मीटरशी जुळतो. मजकूर लांब असेल तर भागागणिक एक खाना ठेवा. पायथन चालवत असाल तर दोनच ओळी:

```python
t = open("script.txt", encoding="utf-8-sig").read()
print(len(t), len(t.encode("utf-8")))
```

पहिला आकडा कॅरॅक्टरचा, दुसरा बाइटचा. हा दुसरा आकडा का हवा, ते पुढे येतंच.

आता तुमचा हिशेब. सल्ल्याच्या मराठीत स्पेस धरून शब्दाला सरासरी सात कॅरॅक्टर धरू. १२ भागांत ९,००० शब्द म्हणजे भागाला ७५० शब्द, म्हणजे ५,२५० कॅरॅक्टर. दहा शब्दांचं एक वाक्य धरलं तर भागात ७५ वाक्यं, आणि प्रत्येकामागे तुमचा टॅग:

```xml
<break time="500ms"/>
```

हा टॅग स्वतःच २१ कॅरॅक्टरचा आहे. ७५ वेळा टाकलात की १,५७५. म्हणजे एक भाग ६,८२५ चा झाला. दहा भाग ६८,२५०. दुरुस्त केलेले चार भाग पूर्ण पुन्हा पाठवलेत, त्याचे २७,३००. बेरीज ९५,५५०. उरले ४,४५०, आणि पुढच्या भागाला हवेत ६,८२५. तुमचं काम नेमकं इथेच अडलं. तुमच्या फाइली मोजल्यावर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहील.

यात पहिली गळती टॅगची आहे. नुसत्या शांततेसाठी तुम्ही प्रत्येक भागात तीस टक्के जास्त मोजताय. टॅग मोजायचे की नाही, याबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. गूगल क्लाउड टेक्स्ट-टू-स्पीच `mark` सोडून सगळे टॅग मोजतं. मायक्रोसॉफ्टचं अझुर फक्त `speak` आणि `voice` हे दोन टॅग सोडतं, बाकी सगळं मोजतं. ॲमेझॉन पॉली टॅग मोजतच नाही, पण तिथे मराठी आवाज नाही, हिंदीच आहे, तेव्हा तुमच्या कामाचं नाही. (अझुरमध्ये चिनी लिपीचं एक चिन्ह दोन कॅरॅक्टर धरतात. देवनागरीला सुदैवाने एकच.)

उपाय सोपा. वाक्यानंतरचा थांबा पूर्णविरामानेच येतो, परिच्छेदातला नव्या ओळीने. त्याहून मोठी शांतता हवी असेल तर ऑडासिटीमध्ये नंतर घाला. तिथे ती फुकट आहे. टॅग ठेवायचाच तर भागात चार-पाच ठिकाणी ठेवा, जिथे ऐकणाऱ्याने खरंच थांबून आकडा लिहून घ्यायचा आहे तिथे.

दुसरी गळती दुरुस्तीची. एक शब्द चुकीचा उच्चारला म्हणून अख्खा भाग पुन्हा पाठवला की पूर्ण भागाचे कॅरॅक्टर पुन्हा लागतात. बऱ्याच स्टुडिओत ऐकून बघायचं प्रिव्ह्यू बटणही मीटर फिरवतं, त्यामुळे आधी तो शब्द एकटा किंवा छोट्या वाक्यात टाकून ऐका आणि मग भाग पाठवा. स्क्रिप्ट परिच्छेदागणिक तोडा, प्रत्येक परिच्छेदाची वेगळी ऑडिओ फाइल ठेवा, आणि जो परिच्छेद बदलला तोच पुन्हा बनवा. कोणी प्रोग्राम लिहून देत असेल तर त्याला सांगा, की मजकूर बदलला नसेल तर जुनीच फाइल वापर. नाहीतर एक तुकडा अडकला की प्रोग्राम पहिल्यापासून सगळं पुन्हा पाठवतो, आणि आधी झालेल्या तुकड्यांचे पैसे दुसऱ्यांदा लागतात.

एक सांगून ठेवतो: कॅरॅक्टर वाचवण्यासाठी संक्षेप करू नका. «मि.ली.» लिहिलं तर मशीन काय वाचेल याचा नेम नाही; «मिलीलिटर» लिहा. फवारणीच्या प्रमाणात चुकीचा उच्चार गेला तर दोन कॅरॅक्टरची बचत कशाला हवी? आकड्यांचंही तेच. «१५००» चार कॅरॅक्टरचं आहे, «दीड हजार» आठचं, पण शेतकऱ्याच्या कानाला दुसरंच बरं लागतं.

तुकडे पाडायचे म्हटलं की बाइट येतात. पैसे कॅरॅक्टरवर लागले, तरी एका वेळी किती मजकूर पाठवता येईल ही मर्यादा बाइटमध्ये असू शकते. गूगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये ती ५,००० बाइट आहे. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्यामुळे तिकडे ५,००० अक्षरं आरामात जातात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. वरचं ३० कॅरॅक्टरचं वाक्य ८२ बाइटचं आहे: २६ चिन्हांचे ७८, आणि स्पेस-पूर्णविरामाचे ४. म्हणून मराठीचा तुकडा १,६०० कॅरॅक्टरच्या आत ठेवा, कधीच अडणार नाही. इंग्रजी शिकवणी बघून ४,८०० कॅरॅक्टरचे तुकडे पाडले की मराठीचा प्रत्येक तुकडा एररने परत येतो, आणि लोकांना वाटतं कोटा संपला. कोटा तसाच असतो, फक्त तुकडा मोठा असतो. तुकडा नेहमी वाक्याच्या शेवटी तोडा. बाइट मोजून मधेच कापलं तर हलंत एका तुकड्यात आणि पुढचं व्यंजन दुसऱ्यात जातं, आणि जोडाक्षराचा उच्चार फाटतो.

टायपिंगमुळेही आकडा बदलतो. «दुसऱ्या» नीट टाइप केलं तर ७ कॅरॅक्टर. पण पुष्कळ जुन्या मजकुरात हाच शब्द साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून «दुसर्‍या» असा लिहिलेला असतो. तो ८ चा. «ॲप» एका चिन्हाने लिहिलं तर २, अ वर वेगळी चंद्रकोर चढवून «अॅप» लिहिलं तर ३. पैशाच्या दृष्टीने हे किरकोळ आहे, पण आवाजाच्या मशीनला ही दोन रूपं वेगळी दिसतात आणि एखाद्याचा उच्चार बिघडू शकतो. पाठवण्याआधी एकदा बदलून घ्या:

```python
t = t.replace("र\u094d\u200d", "ऱ\u094d").replace("अ\u0945", "ॲ")
```

आता भाषांतराची बाजू. तिथला मीटर आवाजाच्या मीटरपेक्षा वेगळा असतो. नेहमीच्या भाषांतर सेवांमध्ये तुम्ही पाठवलेला मजकूर मोजतात, आलेला नाही. म्हणजे इंग्रजीतून मराठी करताना इंग्रजीचे कॅरॅक्टर लागतात, आणि तीच मराठी आवाजाला दिली की मराठीचे. एलएलएमवर चालणारी काही मॉडेल आलेला मजकूरही मोजतात, तेव्हा मॉडेल निवडताना ती ओळ वाचा. भाषा दोन झाल्या की मोजणीही दोनदा होते: विदर्भासाठी मराठी आणि छिंदवाडा-पांढुर्ण्याकडच्या बागायतदारांसाठी हिंदी करायची असेल, तर ५० हजारांची इंग्रजी पुस्तिका १ लाख खाते. आणि वेबपानावरून उचललेला मजकूर टॅगसकट पाठवू नका. गूगलच्या हिशेबात «नमस्कार» ७ कॅरॅक्टरचा, पण `<p>नमस्कार</p>` १४ चा. वर्डमधून एचटीएमएल म्हणून सेव्ह केलेल्या फाइलीत तर स्टाइलचा कचरा मजकुराच्या कित्येक पट निघतो.

तुमची कंपनी नेमकं काय मोजते, हे तिला विचारत बसण्यापेक्षा स्वतः तपासा. मीटरचा आकडा लिहून ठेवा, वरचं वाक्य जसंच्या तसं एकदा पाठवा, थोडं थांबून मीटर पुन्हा बघा. ३० ने वाढला तर चिन्हं मोजताहेत. ८२ ने वाढला तर बाइट मोजताहेत, आणि मराठीसाठी तो पॅक जवळजवळ तिप्पट महाग आहे, सोडून द्या. एकदम १०० वगैरे गोल आकड्याने वाढला तर प्रत्येक वेळेला किमान आकार लावताहेत, मग छोटे तुकडे पाठवणं तोट्याचं. मग तेच वाक्य मागे एक ब्रेक टॅग लावून पाठवा: ५१ ने वाढला तर टॅग मोजला, ३० ने वाढला तर नाही. सगळ्याला `speak` ने गुंडाळलं असेल आणि तेही मोजत असतील तर आणखी १५ दिसतील.

आता उरलेल्या कोट्याचं. नियम एकच नाही, तो तुम्ही काय विकत घेतलं यावर ठरतो.

दर महिन्याला मिळणारा मोफत कोटा पुढे जात नाही. गूगल ट्रान्सलेशनचे महिन्याचे ५ लाख, गूगलच्या स्टँडर्ड आवाजांचे ४० लाख, अझुर ट्रान्सलेटरच्या मोफत श्रेणीचे २० लाख, अझुरच्या न्यूरल आवाजांचे ५ लाख, सगळे महिन्याअखेर संपतात आणि नव्याने सुरू होतात. फरक आहे तो कोटा संपल्यावर काय होतं यात. अझुर ट्रान्सलेटरची मोफत श्रेणी थांबते आणि ४०३ एरर देते. डीपएल या भाषांतर सेवेची मोफत एपीआय ४५६ देते. गूगलला बिलिंग जोडलेलं असेल तर ते थांबत नाही, गुपचूप बिल सुरू होतं. तिथला बजेट अलर्ट फक्त मेल पाठवतो, काम अडवत नाही. ट्रान्सलेशनसाठी कन्सोलच्या कोटा पानावर दिवसाची कॅरॅक्टर मर्यादा स्वतः कमी करून ठेवा. गूगलचा महिना अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने बदलतो, म्हणजे आपल्याकडे १ तारखेला दुपारी साडेबारा किंवा दीडला. १ तारखेला सकाळी नागपुरात बसून मोठं काम टाकलंत तर ते मागच्या महिन्यात धरलं जातं.

पैसे भरून घेतलेला महिन्याचा पॅक बहुतेक ठिकाणी असाच संपतो, फक्त त्याचा महिना १ तारखेचा नसून तुम्ही पैसे भरल्याच्या तारखेचा असतो. १७ तारखेला घेतलात तर १६ ला रात्री उरलेले १७ ला नाहीत. तुमचे ६० हजार असेच गेले असावेत. काही कंपन्या उरलेलं काही काळ पुढे नेऊ देतात; इलेव्हनलॅब्स सशुल्क प्लॅनवर न वापरलेले क्रेडिट दोन महिन्यांपर्यंत पुढे नेते, पण वर्गणी चालू असेपर्यंतच. एखाद्या महिन्यात काम नाही म्हणून प्लॅन बंद केला की साठवलेलंही जातं. तुमच्या कंपनीच्या अटींत रोलओव्हर हा शब्द शोधा. नसेल तर पुढे जात नाही असंच समजा. वर्षाचा प्लॅन घेतला म्हणजे वर्षभराचा कोटा एकदम मिळतो असंही नाही. पुष्कळदा तो महिन्या-महिन्याच्या हप्त्यानेच सुटतो. वरून घेतलेल्या टॉप-अपला स्वतःची वेगळी मुदत असते, ती पावतीवर किंवा खात्याच्या पानावर बघा.

तिसरा प्रकार वापराल तेवढं भरायचा. त्यात उरायला काही नसतंच, त्यामुळे संपायलाही काही नाही.

तुमचं काम हंगामी आहे. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, सल्ल्यांची गर्दी त्याच्या आजूबाजूला, आणि मधले महिने रिकामे. अशा कामाला दर महिन्याचा ठरावीक पॅक मुळातच जुळत नाही. १ लाखाचा पॅक वर्षभर म्हणजे १२ लाख घेतले, आणि दोन हंगामांत मिळून ४ लाखच वापरले, तर एका कॅरॅक्टरला तुम्ही जाहीर दराच्या तिप्पट मोजलेत. तेव्हा आवाजासाठी वापराल तेवढं भरायचं खातं घ्या. गूगलचे मराठीचे, म्हणजे mr-IN चे, स्टँडर्ड आवाज चालत असतील तर तुमची अख्खी स्क्रिप्ट दुरुस्त्यांसकट मोफत कोट्यातच बसते. ते जरा यांत्रिक वाटतात हे खरं, तेव्हा एक भाग बनवून आधी दोन-चार बागायतदारांना ऐकवा. अझुरचे आरोही आणि मनोहर हे मराठी न्यूरल आवाज जास्त नैसर्गिक आहेत, आणि ५ लाखांत तुमचा हंगाम निघतो.

सध्याचाच आवाज ठेवायचा असेल, कारण ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा झाला आहे, तर पॅक फक्त हंगामाच्या महिन्यांत चालू ठेवा, आणि पैसे भरायची तारीख स्क्रिप्ट पक्की झाल्यावरची धरा. मसुदा तपासायला आठवडा जातो, तोवर पॅकची मुदत उगाच चालू राहते. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पुढच्या हंगामाचे भाग आधीच बनवून ठेवायचा मोह होईल. ठिबक, छाटणी असे न बदलणारे भाग बनवायला हरकत नाही, पण ती मालिका एकाच बैठकीत पूर्ण करा. कंपन्या मॉडेल बदलतात, आणि जानेवारीत बनवलेला तोच आवाज जूनमध्ये जरा वेगळा लागतो. एकाच मालिकेत ते कानाला लगेच कळतं.

राहिलेले दोन भाग टॅग काढून भागाला ५,२५० प्रमाणे १०,५०० चे होतील. त्यासाठी नवा पॅक घेऊ नका. तुमच्या बिलाच्या तारखेला किती दिवस उरलेत ते बघा. आठवड्याभरात असेल तर थांबा, नसेल तर छोटा टॉप-अप मिळतो का विचारा, आणि त्याची मुदत आधी वाचून मगच पैसे भरा.